पहिल्यांदाच एडिटर उघडला: मधलं कापलं की वरचे फोटो आणि अक्षरं मागे का पडतात?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. मी नेर तालुक्यातली, जिल्हा यवतमाळ. आमच्या बचत गटातल्या बायांसाठी कपाशीत कामगंध सापळा कसा लावायचा, याचा व्हिडिओ करून राहिली आहे. भावानं मोबाईलवर शूट केलं, वावरात उभी राहून मी बोलली. आजवर कोणताच एडिटर उघडला नव्हता. लॅपटॉपवर शॉटकट टाकलं, कारण ते फुकट आहे.

खाली ज्या आडव्या पट्ट्या दिसतात त्यात आतापर्यंत मी हे टाकलं आहे. V1 वर माझा बोलण्याचा सलग व्हिडिओ, चार मिनिटं दहा सेकंदांचा. त्याच्या वर V2 वर सापळ्याचे, पतंग ओढायला त्यात ठेवतात त्या ल्यूरचे फोटो आणि बोंडं फोडून दाखवतानाच्या दोन क्लिपा. V3 वर अक्षरं. सगळ्यात खाली A1 वर बासरी. सगळं बरोबर बसलं होतं. ल्यूर म्हटलं की ल्यूरचा फोटो येत होता.

मग बोलता बोलता ल्यूर हातातून चिखलात पडला, तेवढा भाग काढायला गेली. दोन्हीकडे S दाबून तुकडा वेगळा केला आणि Z दाबलं, तर तिथं काळं झालं. ते परत आणून X दाबलं, तर छान जुळलं. पुढं अजून एक तुकडा असाच काढला. आता पाहते तर बोलणं एकीकडे आणि फोटो दुसरीकडे! सापळ्याची उंची सांगून राहिली आहे तर ल्यूरचा फोटो येतो. दुसरं म्हणजे बोंडं फोडतानाच्या क्लिपवर भावाचं आणि शेजारच्या काकांचं बोलणं ऐकू येतं, आणि त्याच वेळी माझाही आवाज चालूच असतो. ती क्लिप वर ठेवली तर खालचं झाकायला नको का?

या पट्ट्यांचा हिशोब नेमका काय असतो, कोणी नीट सांगेल का? बायांना पुढच्या बैठकीत दाखवायचं आहे.

धुऱ्यावरून

ताई, सापळे हेक्टरी पाच लावा, म्हणजे एकरी दोन धरून चाला. उंची पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर, आणि पऱ्हाटी वाढली की सापळाही वर घ्यावा लागतो, हे लोक विसरतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा. पाहणीचे सापळे वेगळे आणि जास्त पतंग पकडायचे सापळे वेगळे. ते एकात मिसळू नका.

पऱ्हाटी

भाऊ, माहिती कामाची आहे. उंचीचं वाक्य माझ्या अक्षरांत "पिकाच्या वर" एवढंच आहे, तिथं फूट-दीड फूट घालते. पण प्रश्न व्हिडिओ जोडण्याचा आहे, सापळ्याचा नाही.

पुसदचा_बंडू

हा मोबाईलच्या फ्रेमचा लोचा आहे, शंभर टक्के. मोबाईल सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की कमी फ्रेम घेतो, ऊन आलं की वाढवतो. एडिटर मात्र सगळीकडे सारख्या फ्रेम धरून चालतो, म्हणून पुढं पुढं आवाज आणि चित्र सुटत जातं. शॉटकट अशी फाईल उघडताना विचारतंच, variable frame rate आहे, बदलून घेऊ का म्हणून. तिथं हो म्हणायचं. आता उशीर झाला. Properties मधून Convert करून घ्या आणि सगळं पहिल्यापासून जोडा.

लग्नसराई_हिंगणघाट

थांबा ताई, पहिल्यापासून काही जोडू नका. बंडूभाऊ सांगतात तसा प्रकार असतो, पण तुमचा तोच आहे का हे आधी पाहू. तीन गोष्टी बघून सांगा.

एक, फक्त V1 पाहा, वरच्या ट्रॅकवरचं डोळ्याचं चिन्ह बंद करून. तुमचे ओठ आणि तुमचा आवाज शेवटपर्यंत जुळतात का? दोन, फोटो आणि अक्षरं किती उशिरा येतात ते सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीन ठिकाणी मोजा. प्लेहेड म्हणजे ती उभी रेघ, ती बोलण्याच्या शब्दावर ठेवून वेळ लिहा, मग फोटोच्या डाव्या कडेवर ठेवून वेळ लिहा. तीन, व्हिडिओ संपतो तिथं काय दिसतं?

पऱ्हाटी

पाहिलं. ओठ आणि आवाज एकदम बरोबर, शेवटपर्यंत.

पहिलं अक्षर, ज्यात गटाचं नाव आहे, ते जिथं हवं तिथंच आहे. ल्यूरबद्दल ०:४७ ला बोलते, फोटो येतो ०:५८ ला. उंचीचं बोलणं १:०९ ला, अक्षरं १:२० ला. आठ पतंगांचं बोलणं २:४३ ला, अक्षरं ३:०० ला.

शेवटी माझा व्हिडिओ संपतो, मग पडदा काळा होतो आणि त्यावर बासरी वाजत राहते. किती वेळ ते मोजलं, सतरा सेकंद.

लग्नसराई_हिंगणघाट

झालं, यातच सगळं आलं. ताई, तुम्ही दोन तुकडे काढले. पहिला अकरा सेकंदांचा होता, दुसरा सहाचा, आणि दुसरा १:०९ आणि २:४३ च्या मध्ये कुठंतरी होता. बरोबर?

हे कसं कळलं ते सांगतो, कारण हे कळलं की टाईमलाईन कळली.

टाईमलाईनवर डावीकडून उजवीकडे वेळ जातो. प्रत्येक ट्रॅक ही त्याच वेळेची वेगळी पट्टी. शॉटकटला एवढंच माहीत असतं की V2 वर ०:५८ ला एक फोटो सुरू होतो. तो फोटो तुम्ही "ल्यूर" म्हणता म्हणून ठेवला आहे, हे त्याला माहीत नाही. तुमच्या डोक्यात तो फोटो शब्दाला बांधलेला आहे, पण पट्टीवर तो घड्याळाला बांधलेला आहे.

तुम्ही V1 वरचा अकरा सेकंदांचा तुकडा निवडून X दाबलं. त्या बटणाचं काम असं की तुकडा काढायचा आणि त्याच्या उजवीकडचं सगळं डावीकडे ओढून फट बुजवायची. पण तुम्ही सांगितलं नसेल तर ते फक्त त्याच ट्रॅकवर ओढतं. V1 वरचं तुमचं पुढचं सगळं बोलणं अकरा सेकंद आधी आलं. V2, V3 आणि A1 जागचे हलले नाहीत. म्हणून कापाच्या आधीचं अक्षर बरोबर, कापानंतरचं सगळं अकरा सेकंद मागे. दुसऱ्या कापानंतर त्यात सहा मिळाले, सतरा झाले. बासरी जुन्या लांबीचीच राहिली, म्हणून ती शेवटी सतरा सेकंद काळ्यावर वाजते. टाईमलाईन सगळ्यात लांब ट्रॅक संपेपर्यंत चालते, आणि V1 वर काही नसलं आणि वरही काही नसलं की काळं दिसतं. Z नं जे काळं झालं तेही हेच. Z तुकडा उचलतं, पण फट तशीच ठेवतं.

बंडूभाऊ, फ्रेमचा लोचा असता तर दोन खुणा वेगळ्या दिसल्या असत्या. ओठ आणि आवाज सुटले असते, आणि उशीर हळूहळू वाढत गेला असता. इथं उशीर एका ठिकाणी एकदम अकरा झाला आणि पुढं बराच वेळ अकराच राहिला. उशीर असा पायरीनं वाढला की काप शोधायचा, उतारासारखा वाढला की फ्रेम तपासायची.

पुसदचा_बंडू

मान्य. ओठ जुळतात म्हटल्यावर माझं कारण बसत नाही. पण मोबाईलची फाईल बदलून घ्यायची सवय चांगलीच, यावर मी ठाम आहे.

पऱ्हाटी

बरोबर, दोनच तुकडे काढले होते! दुसऱ्यात मधमाशी आली होती. मग X दाबायचंच नाही का? आणि झाकण्याचं काय? वरची क्लिप खालचा आवाज का झाकत नाही?

लग्नसराई_हिंगणघाट

आधी झाकण्याचं. चित्राचा नियम असा की वरचा ट्रॅक खालच्याला झाकतो. पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल टाकली की पाठ दिसत नाही, पण पाठ तिथंच असते. तसंच V2 वरच्या फोटोखाली तुमचं बोलणं V1 वर चालूच आहे. फोटो चार सेकंदांचा असेल तर चार सेकंद तुम्ही दिसत नाही, मग पुन्हा दिसता. म्हणून बोलणारा माणूस खाली सलग ठेवायचा आणि दाखवायच्या वस्तू वर तुकड्या-तुकड्यानं. फोटो शॉटकटमध्ये आपोआप चार सेकंदांचाच येतो. उजवी कड धरून हवा तेवढा लांबवा.

वरचं चित्र पूर्ण पडद्याएवढं नसेल तर उरलेल्या जागेत खालचं दिसतं. अक्षरांचं तेच आहे. V3 वरच्या अक्षरांच्या क्लिपला रंगच नाही, फक्त अक्षरं आहेत, म्हणून मागं तुम्ही दिसता. तीच अक्षरांची क्लिप तुम्ही V1 च्या खाली नेली तर ती कुठंच दिसणार नाही, कारण वर तुमचा व्हिडिओ पडदाभर आहे. नवीन माणूस "माझी अक्षरं गायब झाली" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच असतं. लेयर म्हणजे एवढंच, कोण कोणाच्या वर आहे.

आता आवाज. आवाजाला वर-खाली नसतं. एका क्षणी जेवढ्या ट्रॅकवर आवाज आहे तेवढे सगळे एकत्र ऐकू येतात. शॉटकटमध्ये V ट्रॅकवर टाकलेल्या क्लिपमध्ये तिचा आवाजही त्याच डब्यात असतो. म्हणून बोंडाच्या क्लिपनं तुमचं चित्र झाकलं, पण काकांचा आवाज तुमच्या आवाजात मिसळला. V2 च्या डाव्या टोकाला स्पीकरचं चिन्ह आहे, तिथं आवाज बंद करा. आखा ट्रॅक गप्प होतो. तुमच्या V2 वर फोटो आणि दाखवायच्या क्लिपाच आहेत, त्यामुळे काही बिघडत नाही.

मास्तर_आर्वी

इथं एक विचारतो. माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओत मुलींच्या लेझीमच्या क्लिपचा आवाज मला हवा होता, पण पुढच्या क्लिपचा नको होता. आख्खा ट्रॅक बंद केला तर दोन्ही जातात.

लग्नसराई_हिंगणघाट

सर, मग त्या एका क्लिपवर उजवं क्लिक करून Detach Audio करा. तिचा आवाज खाली ऑडिओ ट्रॅकवर वेगळा तुकडा होऊन येतो. तो ठेवा किंवा काढा. पण एक लक्षात ठेवा, आवाज एकदा वेगळा झाला की तोही एक वेगळी वस्तू झाला. त्यानंतर वरचं चित्र सरकवलं आणि खालचा आवाज विसरला, तर लेझीम एकीकडे आणि ताल दुसरीकडे. म्हणून नुसता आवाज बंद करायचा असेल तर मी वेगळा काढतच नाही.

वडसेकर

माझं प्रकरण तसंच आहे, म्हणून मधेच बोलतो. मी वडसा देसाईगंजचा. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, मी एकाचं रेकॉर्डिंग करतो. चित्र मोबाईलवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, स्टेजच्या साऊंडमधून घेतलेला. नाटक रात्रभर चालतं. सुरुवातीला आवाज बरोबर जुळवला, पण दुसऱ्या अंकापर्यंत पात्राचं तोंड आधी हलतं आणि संवाद मागून येतो. मी काहीच कापलेलं नाही. मग मी कोणत्या ट्रॅकला वर ठेवू?

पुसदचा_बंडू

वडसेकर भाऊ, हाच तो उतार! वर-खाली ठेवून काही होणार नाही. तुमची मोबाईलची फाईल आधी Convert करून घ्या. रात्री स्टेजवर दिवे कमी-जास्त होतात, मोबाईल फ्रेम बदलतच राहतो.

लग्नसराई_हिंगणघाट

हो, इथं बंडूभाऊंचं बरोबर आहे, आधी तेच करा. शॉटकट फाईल बदलताना तीन दर्जे विचारतं. तुमच्यासारख्या लांब नाटकाला पहिला, H.264 वाला घ्या. बाकीच्या दोन दर्जांच्या फायली इतक्या फुगतात की रात्रभराचं नाटक डिस्कवर मावणार नाही.

पण तेवढ्यानं शंभर टक्के सुटेल असं मी म्हणणार नाही. मोबाईल आणि रेकॉर्डर ही दोन वेगळी यंत्रं, दोघांची घड्याळं किंचित वेगळी चालतात. दहा मिनिटांत ते कळत नाही, तीन तासांत कळतं. त्याला उपाय असा की आवाजाचा ट्रॅक प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला S नं कापायचा आणि तिथं पुन्हा जुळवायचा. प्रवेश बदलताना दिवे जातात, तिथं थोडं सरकवलं तरी प्रेक्षकाला कळत नाही. जुळवायला मोठा, एकदम सुरू होणारा आवाज शोधा. टाळी, ढोलकीची पहिली थाप, घंटा. दोन्ही ट्रॅकवर तो लाटेच्या चित्रात सुळक्यासारखा दिसतो. सुळका सुळक्याखाली आला की जुळलं. टाईमलाईन मोठी करून पाहा आणि डाव्या-उजव्या बाणानं एकेक फ्रेम चाला.

पऱ्हाटी

माझं राहिलं बरं का. X चं काय करू? आणि आत्ता जे सतरा सेकंद मागे पडलं आहे ते कसं आणू? Ctrl+Z दाबत मागे गेली तर नंतर केलेलं सगळं जाईल.

लग्नसराई_हिंगणघाट

मागे जाऊ नका, पुढून दुरुस्त करू. आधी फाईल वेगळ्या नावानं सेव्ह करा, म्हणजे बिघडलं तर जुनी हाताशी राहील. मग वर चुंबकाचं चिन्ह चालू असू द्या आणि Ripple चं चिन्ह बंद करा. हे बंद नसेल तर ओढताना भलतंच सरकेल.

प्लेहेड ०:४७ वर आणा, जिथं तुम्ही "ल्यूर" म्हणता तिथं. आता V2 आणि V3 वर पहिल्या कापानंतर जे जे आहे ते सगळं Ctrl दाबून एकेक निवडा. म्हणजे ०:५८ च्या ल्यूरच्या फोटोपासून शेवटच्या अक्षरापर्यंत. एकही सुटता कामा नये, सुटलेलं तिथंच मागे राहील आणि दुसऱ्या तुकड्यावर येऊन बसेल. त्यातला ल्यूरचा फोटो धरून डावीकडे ओढा. त्याची डावी कड प्लेहेडजवळ आली की चुंबकानं चिकटते. सोडा. सगळे अकरा सेकंद आधी आले. आता उंचीची अक्षरं १:०९ वर असायला हवीत. आहेत का पाहा, तोच ताळा.

दुसऱ्या कापानंतरची अजून सहा सेकंद मागे आहेत. आठ पतंगांची अक्षरं आता २:४९ वर असतील. प्लेहेड २:४३ वर ठेवा, दुसऱ्या कापाच्या पुढचे तुकडेच निवडा आणि तसंच ओढा. मधल्यांना हात लावू नका, ते आता बरोबर आहेत.

बासरीची उजवी कड धरून व्हिडिओच्या शेवटापर्यंत आत ओढा. ३:५३ ला संपायला हवं, कारण चार-दहातून सतरा गेले.

आता पुढच्या वेळी कापायचं असेल तर X जरूर दाबा, पण त्याआधी Ripple All Tracks चालू करा. मग V1 वरचा तुकडा काढला की बाकीच्या ट्रॅकवरूनही तेवढाच वेळ काढला जातो आणि पुढचं सगळं एकत्र सरकतं. फोटो शब्दाजवळच राहतो.

यात एक खोच आहे. बाकीच्या ट्रॅकवरूनही तेवढा वेळ जातो, म्हणजे बासरीतूनही अकरा सेकंद मधूनच जातात. बोलण्यात कट खपतो, सुरात खपत नाही. धून एकदम उडी मारते, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून कापायच्या आधी A1 चं कुलूप लावा. कुलूप असलेला ट्रॅक हलत नाही आणि कापलाही जात नाही. धून सलग राहते, शेवटी जास्तीची उरते तेवढी छाटायची. कापाच्या जागेवर फोटो असेल तर तोही तेवढा आखूड होतो, ते मात्र पाहून घ्या.

मास्तर_आर्वी

मी वेगळ्या पद्धतीनं करतो, ताईंना सोपी पडेल. अक्षरांसाठी वेगळा ट्रॅकच घेत नाही. बोलण्याच्या क्लिपवरच Filters मधून Text: Simple लावतो. मग क्लिप कुठंही सरकली तरी अक्षरं तिच्यासोबतच जातात, मागे पडायचा प्रश्नच नाही.

लग्नसराई_हिंगणघाट

सर, सरकण्यापुरतं बरोबर आहे. पण ते अक्षर मग क्लिपभर दिसतं. तीन सेकंदच हवं म्हणून क्लिप तिथं कापली की फिल्टर दोन्ही तुकड्यांत राहतो. एकातून काढायचं विसरलात तर "सापळ्याची उंची" असं लिहिलेलं पुढच्या दोन मिनिटांवर तसंच चालू. ताईंकडे आठ-दहा अक्षरं आहेत. त्यांना वेगळाच ट्रॅक बरा. आणि आत्ताच पाहा ना, धुऱ्यावरून भाऊंनी फूट-दीड फूट सांगितलं, ते त्यांना बदलायचं आहे. V3 वर ते एका नजरेत सापडतं.

मास्तर_आर्वी

माझी क्लिप प्रत्येक मुलाच्या नावागणिक वेगळीच असते. नाव क्लिपभरच हवं असतं. त्यामुळे मला फिल्टरच सोयीचा, मी काही बदलणार नाही.

लग्नसराई_हिंगणघाट

नावांसाठी असेल तर तुमचंच बरोबर आहे.

ताई, अजून एक सांगतो, कारण याच्यावर माझ्याकडे लोक रडत येतात. टाईमलाईनवर जे दिसतं ते तुमचे व्हिडिओ नाहीत. ती सेव्ह केलेली `.mlt` फाईल म्हणजे कोणत्या फाईलचा कोणता भाग कोणत्या वेळी दाखवायचा, एवढी यादी. मूळ व्हिडिओ मोबाईलमधून थेट उघडले असतील आणि मोबाईल काढला, तर टाईमलाईनला काहीच सापडणार नाही. सगळं आधी लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा, तिथूनच ट्रॅकवर टाका, आणि काम संपेपर्यंत फाईलींची नावं बदलू नका. याच कारणानं कापताना घाबरायचं काही नाही. तुम्ही V1 वर कापलेले सतरा सेकंद मूळ फाईलमध्ये तसेच आहेत. Ripple चालू करून तुकड्याची कड ओढली की परत बाहेर येतात.

पऱ्हाटी

फाईली मोबाईलमधूनच उघडल्या होत्या! कॉपी करते आधी.

भाऊ, तुमच्या सांगण्याप्रमाणे सरकवलं. अकराचं बरोबर बसलं, उंची १:०९ ला आली. सहाच्या वेळी एक अक्षर निवडायचं राहिलं होतं, ते दुसऱ्यावर चढून बसलं, पण लगेच परत घेतलं. आता आठ पतंग २:४३ वर आहे. V2 चा स्पीकर बंद केला, काका गेले. शेवट ३:५३.

एक उरलं. बोंडं फोडतानाची क्लिप दाखवताना मला माझा चेहराही कोपऱ्यात छोटा हवा आहे, बातम्यांमध्ये दिसतो तसा. मग मला माझा व्हिडिओ V1 वरून उचलून V2 च्या वर न्यावा लागेल का? तसं केलं तर सगळं पुन्हा हलेल असं वाटून राहिलं आहे.

लग्नसराई_हिंगणघाट

न्यायची गरज नाही. मोठी क्लिप वर आहे म्हणून ती झाकते. तिलाच छोटं करता येतं, पण तुम्हाला उलटं हवं आहे, चेहरा छोटा. त्यासाठी V1 चा तेवढाच भाग S नं दोन्हीकडे कापा. तो तुकडा कॉपी करून V3 च्या वर नवीन ट्रॅक घ्या, Ctrl+I नं येतो, आणि त्याच वेळेवर तिथं चिकटवा. त्या वरच्या तुकड्याला Size, Position & Rotate फिल्टर लावा, कोपऱ्याला धरून छोटा करा. खालचा V1 तसाच राहू द्या. नवीन ट्रॅकचा स्पीकर मात्र बंद करा, नाहीतर तुमचाच आवाज दोनदा एकावर एक येईल. आवाज झाकला जात नाही, मिसळतो.

V1 वरून काही काढलं नाही, म्हणून वेळ कुठंच हलणार नाही.

धुऱ्यावरून

ताई, व्हिडिओ झाला की इथं टाका. आणि ल्यूर बदलण्याची तारीख सांगितली नसेल तर तेही अक्षरांत घाला. पाकिटावर किती दिवसांत बदलायचं ते लिहिलेलं असतं, तेवढंच लिहा.

वडसेकर

पहिल्या अंकाची फाईल बदलून घेतली. पहिल्या अंकापुरतं आता तोंड आणि संवाद जुळतात. दुसऱ्या अंकात अजून थोडं सुटतं आहे, पण आधीइतकं नाही. आज रात्री प्रवेशागणिक कापून पाहतो. ढोलकीची पहिली थाप सापडते आहे, पण तिसऱ्या प्रवेशात संवादानंच सुरुवात होते, तिथं सुळका दिसत नाही. तिथं कशावर जुळवू?

पुसदचा_बंडू

संवादात "प", "ब" असे ओठ मिटून म्हणायचे शब्द शोधा. ओठ उघडतो ती फ्रेम आणि लाट उठते ती जागा एकाखाली एक आणा.